स्क्रीनशॉटची वरची पट्टी आणि खालची बटणं छाटायला इमेजमॅजिक : आठ महिन्यांनंतर

नाशिकला सीबीएसजवळ माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. गावाकडून येणारे लोक तेच तेच विचारतात म्हणून मी मराठीत पायरीपायरीचे कागद करायला लागलो. ए-फोर कागदावर फोनच्या स्क्रीनचे सहा फोटो, प्रत्येकाखाली दोन ओळी आणि वरून लॅमिनेशन. पहिला कागद ई-पीक पाहणीचा होता. तो करताना स्क्रीनशॉट जसेच्या तसे छापले आणि दुसऱ्याच दिवशी निफाडकडचे एक आजोबा कागद घेऊन परत आले. "तुमची बॅटरी १२ टक्के दिसते, माझी साठ आहे. तरी चालेल ना?"

हसू आलं, पण चूक आजोबांची नव्हती. छापलेल्या कागदावर जे दिसतं ते सगळं महत्त्वाचंच असणार, असं माणूस धरून चालतो. खालच्या बटणांचा घोळ तर त्याहून वाईट. सॅमसंगच्या फोनवर 'मागे'चं बटण मुळात उजवीकडे असतं, इतर बऱ्याच फोनवर डावीकडे. माझ्या कागदावर ते डावीकडे होतं. एका मावशींनी चित्र बघून आपल्या फोनवर डावीकडचं बटण दाबलं, सगळी उघडी ॲप एकावर एक रचलेली समोर आली आणि त्यांना वाटलं फोन बिघडला. त्या दिवशी ठरवलं की वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी आणि खालची तीन बटणं कागदावर येता कामा नयेत.

सुरुवातीला मी फोनमध्येच बोटाने छाटायचो. एखाद-दुसऱ्या फोटोला ते ठीक आहे. सहा फोटो शेजारी लावले की मात्र कळतं, एक दहा पिक्सेल जास्त कापलेला, दुसरा वीस कमी. प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे सगळे उंचीला वेगवेगळे. मग पुतण्याने दुकानातल्या लॅपटॉपवर इमेजमॅजिक टाकून दिलं. फुकट आहे, खिडकी-बटणं काही नाहीत, काळ्या चौकटीत ओळ लिहून चालवायचं. आधी नाक मुरडलं होतं, आता रोज वापरतो.

सगळा खेळ दोन आकड्यांचा आहे : वरून किती कापायचं आणि खालून किती. माझ्या फोनचा स्क्रीनशॉट १०८० × २४०० पिक्सेलचा येतो. तो पेंटमध्ये उघडला आणि माउस फिरवला की खालच्या कोपऱ्यात जागा पिक्सेलमध्ये दिसते. बटणांची पट्टी माझ्याकडे २२६८ ला सुरू होते, म्हणजे २४०० वजा २२६८, खालून १३२. हा आकडा हवेतून येत नाही. अँड्रॉइडमध्ये तीन बटणांची पट्टी साधारण ४८ डीपी उंच असते. डीपी हे अँड्रॉइडचं लांबी मोजायचं माप, आणि त्याचे पिक्सेल करायला फोनच्या डेन्सिटीने, म्हणजे इंचाला साधारण किती पिक्सेल त्या आकड्याने, गुणून १६० ने भागायचं. माझी डेन्सिटी ४४०. ४८ गुणिले ४४० भागिले १६०, बरोबर १३२. मोजलेलं आणि गणिताचं जुळलं की निर्धास्त कापावं.

वरच्या पट्टीला असं गणित चालत नाही. पुढच्या कॅमेऱ्याचं भोक सामावून घ्यायला प्रत्येक कंपनी ती आपल्या मापाने उंच करते. माझ्याकडे ती ९६ निघाली. ॲपच्या मथळ्याचा रंग वरच्या पट्टीपर्यंत एकसलग चढलेला असेल तर सीमारेषा दिसतच नाही. तिथे फार डोकं लावू नये. घड्याळाच्या आकड्यांच्या खाली आणि मथळ्याच्या अक्षरांच्या वर, त्या सपाट रंगात कुठेही कापलं तरी बघणाऱ्याला कळत नाही. फक्त सगळ्या फोटोंना एकच आकडा लावावा.

माझी ओळ ही :

```
mkdir saf
magick mogrify -path saf -gravity North -chop 0x96 -gravity South -chop 0x132 +repage -bordercolor gray70 -border 2 *.png
```

ज्या फोल्डरमध्ये फोटो आहेत तिथे ही चालवायची. North म्हणजे वरची कड, South म्हणजे खालची. `-path saf` कधीही विसरू नका. ते नसेल तर `mogrify` मूळ फोटोंवरच लिहितो. मी एकदा विसरलो आणि वर चुकीचा आकडा टाकलेला होता, अठरा स्क्रीनशॉट पुन्हा काढले. जुन्या माहितीत `magick` च्या जागी `convert` लिहिलेलं सापडेल. विंडोजवर त्याच नावाचा विंडोजचा स्वतःचा एक प्रोग्राम आहे आणि तो डिस्कची फाइल सिस्टम बदलतो. त्याच्या वाटेला जाऊ नये.

शेवटची करडी चौकट मला दोन महिन्यांनी सुचली. बहुतेक ॲपची पार्श्वभूमी पांढरी, कागदही पांढरा. वरची-खालची पट्टी गेल्यावर चित्र कुठे संपतं तेच कळेना, फोटोतली अक्षरं आणि मी खाली लिहिलेल्या ओळी एकात एक मिसळल्या. दोन पिक्सेलच्या फिक्या रेघेने ते सुटलं. काळी रेघ करून बघितली होती, ती शोकसंदेशासारखी दिसते.

जागेचा फायदा मी आधी धरलाच नव्हता. कागदावर तीन-तीनच्या दोन ओळी, प्रत्येक फोटो ५५ मिलिमीटर रुंद. पूर्ण स्क्रीनशॉट या रुंदीला १२२ मिलिमीटर उंच होतो, छाटलेला साधारण १११. दोन ओळींचे मिळून २२ मिलिमीटर वाचले. पूर्वी फोटोखाली दहा पॉइंटात कोंबलेली वाक्यं आता बारा पॉइंटात मावतात. चष्मा घरी विसरून येणाऱ्यांसाठी हा फरक मोठा आहे.

आता तक्रारीचं. चौथ्या महिन्यात बायकोने तिच्या जागेवरून काही स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवले. माझ्याच फोनवर काढलेले, म्हणून डोळे मिटून तीच ओळ चालवली (एक्स्टेंशन तेवढं बदललं). छापून झाल्यावर दिसलं की 'पुढे जा' या बटणाचा खालचा भाग गायब. व्हॉट्सॲपने फोटो ७२० × १६०० करून पाठवला होता, दोन-तृतीयांश. त्यात बटणांची पट्टी १३२ ची ८८ झालेली आणि वरची ९६ ची ६४. मी जुनेच आकडे लावल्यामुळे खालून ४४ आणि वरून ३२ पिक्सेल ॲपचेच कापले गेले. अर्धवट बटण छापलेले चाळीस कागद लॅमिनेट झाले होते. तेव्हापासून घरात नियम आहे, स्क्रीनशॉट पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून. आणि कापण्याआधी मापं बघायची :

```
magick identify -format "%f %wx%h\n" *.*
```

ही ओळ बॅच फाइलमध्ये टाकायची असेल तर प्रत्येक `%` दोनदा लिहावा लागतो, नाहीतर मापं येतच नाहीत. माझा अर्धा तास त्यात गेला.

दुसरी अडचण नव्या फोनची. त्यावर बटणं नव्हतीच, बोटाने सरकवायची पद्धत आणि तळाला एक बारीक आडवी रेघ. बऱ्याच ॲपमध्ये ती रेघ मजकुरावरच तरंगते, तिच्यासाठी बटणांएवढी वेगळी पट्टी राखलेली नसते. तिथे १३२ कापले की यादीतली शेवटची ओळ अर्धी चिरली जाते. मी दोन्ही करून पाहिलं. रेघ तशीच ठेवली तर फारसं कोणी विचारत नाही, पण बाकीच्या फोटोंशी उंची जुळत नाही. शेवटी स्क्रीनशॉट काढण्यापुरतं सेटिंगमध्ये तीन बटणं चालू करतो, झालं की परत बंद. काही नवी ॲप बटणांच्या खालीही मजकूर पसरवतात. तिथे यादी थोडी वर सरकवून मगच स्क्रीनशॉट घ्यावा.

छाटणीने जे जात नाही तेही सांगतो. वरून घसरत येणारी सूचना पट्टीच्या खाली ॲपच्या मथळ्यावर येऊन बसते आणि छाटल्यावरही फोटोत राहते. एका कागदावर आमच्या साडूंचा "दुपारी जेवायला येतो" हा निरोप छापून गेला. आता आधी डू नॉट डिस्टर्ब लावतो. आणि एका जागी मी मुद्दाम कापत नाही. पीक पाहणीत शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, त्यासाठी लोकेशन चालू हवं. वरची पट्टी खाली ओढून ते चालू करण्याची पायरी दाखवायची असेल तर पट्टी दिसलीच पाहिजे. 'मागे जा' सांगायचं असेल तर मात्र चित्र नाही, शब्दच : "एक पान मागे जा". बटण कुठल्या बाजूला आहे ते ज्याचं त्याला माहीत असतं.

फोनमध्ये छाटण्याबद्दल एक धास्ती अजून आहे. २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या छाटणीत एक दोष उघड झाला होता. छाटलेला फोटो जुन्या फाइलवर लिहिताना जुन्याची शेपटी तशीच राहायची, आणि कापलेल्या भागातलं बरंच परत काढता यायचं. मार्च २०२३ च्या अपडेटमध्ये तो दुरुस्त झाला, पण त्याआधी छाटून पाठवलेल्या फाइली दुरुस्त होत नाहीत. `-path` देऊन केलं की वेगळी, नवी फाइल बनते, त्यात जुनं काही उरत नाही. लोकांच्या बँकेच्या सूचनांचे आयकॉन त्या पट्टीत असतात म्हणून मला हे बरं वाटतं.

आता मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. पहिल्या ओळीत माझा फोन, ९६ आणि १३२. दुसऱ्या ओळीत तोच फोन व्हॉट्सॲपवरून आलेला, ६४ आणि ८८. तिसरी ओळ बायकोच्या फोनची, आणि त्या ओळीने मला परवा गोंधळात टाकलं. तिचा फोन मुळातच ७२० × १६०० चा, डेन्सिटी ३२०, म्हणून खालची पट्टी ९६. मापं बघून दुसरी आणि तिसरी ओळ वेगळी ओळखताच येत नाही. सध्या मी एक्स्टेंशन बघतो. आमचे दोन्ही फोन स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये ठेवतात आणि व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेला जेपीजी असतो. शेजारच्या मेडिकलवाल्याचा फोन स्क्रीनशॉटच जेपीजीमध्ये काढतो. त्याच्या फोटोंना मी अजूनही पेंट उघडून, माउस फिरवून, हातानेच मोजतो.