फॉरवर्ड की पुट ऑप्शन? टॉवेल निर्यातदाराच्या हिशेबाने

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टेरी टॉवेल परदेशी पाठवताना मी दोन्ही वापरलंय. फॉरवर्ड म्हणजे पुढच्या तारखेला डॉलर आजच ठरवलेल्या भावाने बँकेला विकायचा पक्का करार. पुट ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने विकायचा नुसता हक्क, सक्ती नाही; त्यासाठी बँकेला प्रीमियम आधी भरायचा. एक लाख डॉलरची ऑर्डर आणि तीन महिन्यांनी पैसे, असं उदाहरण धरू. आकडे सोयीचे घेतलेत. आजचा भाव ८५, तीन महिन्यांचा फॉरवर्ड ८५.४०. ८५ चा पुट घ्यायचा तर डॉलरमागे ५० पैसे, म्हणजे ५०,००० रुपये आजच भरायचे.

डॉलर ८३.५० ला घसरला, तर फॉरवर्डवाल्याला ८५.४० मिळतात. पुटवाल्याच्या हातात प्रीमियम वजा जाता ८४.५०. इथे फॉरवर्ड सरळ ९० पैशांनी पुढे. डॉलर ८७ झाला, तर फॉरवर्डवाला ८५.४० वरच राहतो आणि पुटवाला ८६.५० घेतो. भाव ८५.९० च्या वर गेला तरच पुट परवडतो. एवढंच बघितलं तर मीही फॉरवर्डच केला असता, आणि बरीच वर्षं तेच केलं.

पण एकदा माल पॅक होऊन गोदामात पडलेला असताना खरेदीदाराचा मेल आला, ‘आत्ता पाठवू नका’. पुढे ऑर्डरच रद्द झाली. फॉरवर्डची तारीख मात्र थांबत नाही. डॉलर आलेच नाहीत, करार रद्द करावा लागला आणि तोवर भाव चढलेला. वरच्याच आकड्यांत सांगायचं तर ८५.४० ला विकलेला डॉलर ८७ ला परत घ्यायचा, म्हणजे १,६०,००० रुपये खात्यातून वजा, शिवाय बँकेचा चार्ज. ऑर्डर नुसती पुढे गेली असती, तर नंतर चढ्या भावाने डॉलर येऊन बरंचसं भरून निघालं असतं. रद्द झाली की तो निव्वळ तोटा, तोही नेमका सुताची बिलं द्यायच्या आठवड्यात. पुट असता तर गेलेले ५०,००० गेले, पुढे काही देणं नाही.

प्रीमियम आधी भरायला जिवावर येतं, हे खरं. कॅश क्रेडिटमधून भरला तर त्यावर व्याजही चढतं. ८४.५० चा पुट घेतला तर तो स्वस्त पडतो, पण पहिले ५० पैसे आपण सोसायचे. मी दोन बँकांकडून एकाच स्ट्राइकचा, म्हणजे पुटमध्ये ठरलेल्या एकाच विक्रीभावाचा, आणि एकाच तारखेचा प्रीमियम विचारतो. मुदत अपेक्षित पैशांच्या तारखेपेक्षा दोन-तीन आठवडे पुढची घेतो, कारण पैसे उशिरा आले आणि पुट आधीच संपला, तर संरक्षणच उरत नाही. बँकेत ‘ऑप्शन पिरियड फॉरवर्ड’ म्हणतात, तो ऑप्शन नव्हे. त्यात तारीख निवडता येते, पण डॉलर द्यावेच लागतात.

एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी, हातात असलेल्या, जुन्या ग्राहकाच्या ऑर्डरला फॉरवर्ड चालेल, मीही करतो. पण नवा खरेदीदार किंवा हंगामी माल असेल, तर तुमच्या जागी मी पुटच घेईन.