जाडे पोहे, पातळ पोहे, जाड रवा, बारीक रवा : सहा महिने डब्यांवर तारखा लिहून वापरल्यावर

मे महिन्याच्या शेवटी मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटपट्ट्या लावल्या आणि प्रत्येकीवर भरल्याची तारीख लिहिली. सासूबाई हसल्या. पण आदल्या पावसाळ्यात दोन किलो रव्याला जाळी धरली होती आणि तो मला कचऱ्यात टाकावा लागला होता. त्याच महिन्यात नणंदेच्या सासरचे आले तेव्हा माझ्या कांदेपोह्यांचा चक्क लगदा झाला होता. आम्ही डोंबिवलीत राहतो, घरात चौघं. आठवड्यातून दोनदा पोहे आणि एकदा उपमा ठरलेला, शिवाय सणावाराला शिरा-लाडू. आता डिसेंबर लागलाय, तेव्हा काय हाती लागलं ते सविस्तर लिहिते.

आधी तो लगदा. मी नेहमीसारखेच धुतले होते, नेहमीइतकाच वेळ ठेवले होते. फरक एवढाच की त्या दिवशी पुडा दुसऱ्या दुकानातला होता. पुड्यावर ‘जाडे पोहे’ असंच छापलेलं, पण आत निघाले ते मध्यम. तेव्हा लक्षात आलं की ‘जाडे’ या शब्दाचं माप प्रत्येकाचं वेगळं आहे. भात भिजवतात, तापलेल्या वाळूत भाजतात आणि गरम असतानाच यंत्रात दाबून चपटा करतात. जास्त दाबला की पातळ, कमी दाबला की जाडा. कुठे थांबायचं हे गिरणीवाला ठरवतो. त्यामुळे एका गिरणीचे जाडे ते दुसऱ्या गिरणीचे मध्यम असं सर्रास होतं.

म्हणून आता नवा पुडा आणला की पहिल्या दिवशी मी मूठभर पोह्यांची परीक्षा घेते. चाळणीत घेऊन नळाखाली दोनदा धुवायचे, पाणी पूर्ण निथळू द्यायचं आणि झाकून ठेवायचे. पाच मिनिटांनी एक दाणा दोन बोटांत दाबायचा. मधे कडक कणी लागली तर पोहे खरोखर जाडे. त्यांना दहा मिनिटं द्यायची आणि गरज पडली तर वरून पाण्याचा एक हबका मारायचा. पाच मिनिटांतच दाणा सहज चिरडला गेला पण आकार धरून असेल तर मध्यम. ते धुवून, निथळून, कांदा परतून होईपर्यंत ठेवले की पुरे. आणि बोटाला चिकट पिठूळ लागलं तर ते पोहे फोडणीचे नव्हेतच, किंवा मग जुने झालेले. पाच-सात मिनिटांचं काम, पण सहा महिन्यांत परत लगदा झाला नाही. मीठ, साखर, हळद मी निथळलेल्या पोह्यांनाच लावते. कढईत घालून ढवळत बसलं की चांगला पोहाही मोडतो.

दुकानात पुडा उचलताना मी आधी त्याचा तळ बघते. पुडा उभा धरून दोनदा आपटला की चुरा खाली येतो. बोटभर चुरा साठला तर तो पुडा परत ठेवायचा, कारण धुताना तो वाहून जातो किंवा पोह्यांना चिकटून गिचका करतो. सुटे घेत असाल तर मूठभर तळहातावर घ्या, तोंडाने दोनदा गरम वाफ सोडा आणि लगेच वास घ्या. ताज्या पोह्यांना भाजलेल्या तांदळाचा मंद वास येतो. खवट झालेल्यांचा वास कोरडे असताना दबलेला असतो. वाफ लागली की जुन्या तेलाच्या डब्यासारखा वर येतो. पोह्यांवर कोंड्याचा थोडा अंश राहतो आणि कोंड्यात तेल असतं, ते बिघडतं. म्हणूनच लाल पोहे सगळ्यांत आधी खवट होतात. गावाहून आईने पाठवलेले लाल पोहे मी जूनमध्ये बाहेरच ठेवले होते. ऑगस्टमध्ये गूळ-खोबरं घालून खाल्ले तर शेवटी घशात कडवट लागलं. आता ते आले की थेट फ्रिजमध्ये.

पांढरे जाडे पोहे त्या मानाने सोशिक. उन्हाळ्यात आणलेला किलोभर पुडा मी अर्धा दिवस उन्हात घालून घट्ट डब्यात भरला होता, तो साडेतीन महिने ठणठणीत राहिला. पावसाळ्यात मात्र किलोच्या वर आणतच नाही.

पातळ पोह्यांचं दुखणं वेगळं. ते सहसा किडत नाहीत, सादळतात. ओळखायला सोपं : चार पोहे चिमटीत धरून चुरगाळा. कुर्रकन मोडले तर उत्तम, वाकले तर सादळलेले. आमच्याकडे पातळ पोहे दोनच कामांना लागतात, दडपे आणि चिवडा. दडप्यांना सादळलेले चालून जातात, एरवीही त्यांना ओल्या खोबऱ्याच्या आणि कांद्याच्या ओलाव्यातच मुरायचं असतं. पाण्याने मात्र धुवायचे नाहीत. नारळाच्या पाण्याचा हबका पुरतो. चिवड्याला ते चालत नाहीत. यंदा दिवाळीत मुद्दाम दोन घाणे केले. पहिला घाणा डब्यातले पोहे तसेच घेऊन मंद आचेवर भाजला. ते आकसले, कडा वळल्या आणि कितीही भाजले तरी चिवटच राहिले. दुसऱ्या घाण्याचे पोहे आधी खिडकीच्या जाळीत दुपारचं ऊन दाखवून, मग भाजले. सात-आठ मिनिटांत ते हलके झाले, पसरट राहिले आणि झारा फिरवताना वाळलेल्या पानांसारखे वाजायला लागले. पुडा तोच, दोन्ही वेळा.

नायलॉन पोहे एकदाच आणले. दिसायला देखणे, पण मसाला कालवताना निम्म्याचा भुगा. परत आणणार नाही.

आता रवा. इथे जाड-बारीक ओळखायला डोळे पुरतात, प्रत ओळखायला तळहात लागतो. चिमूटभर रवा तळहातावर चोळून झटकून टाकायचा. हात जवळजवळ स्वच्छ राहिला तर दाणा नीट आहे. पांढरी पूड चिकटून राहिली तर त्यात पीठ जास्त, आणि अशा रव्याचा उपमा कितीही भाजला तरी खळीसारखा होतो. मूठ वळून उघडल्यावर रवा वाळूसारखा सांडला पाहिजे. गोळा राहिला तर ओल धरलेला. किंचित पिवळसर रंग आणि मधूनमधून कोंड्याचे ठिपके असतील तर घाबरू नका. एकदा लोहचुंबक कागदात गुंडाळून रव्यातून फिरवून पाहिलं, कारण दळताना यंत्राची लोखंडी झीज त्यात उतरू शकते. माझ्या पुड्यात काही निघालं नाही, पण बघायला हरकत नाही.

जाड रवा उपम्याला आणि सांज्याला. एका वाटीला मी अडीच वाट्या उकळतं पाणी घालते, दाणा मऊ होतो पण वेगळा राहतो. बारीक रवा लाडवांना, शिऱ्याला, करंजीच्या पारीला आणि मासे तळताना वरून लावायला. त्याचा उपमा करायचाच झाला तर पाणी दोन वाट्या पुरतं आणि हात भराभर चालवावा लागतो, कारण तो पाणी क्षणात ओढून घेतो आणि गुठळ्या धरतो. उलट बाजूने, जाड रव्याचे लाडू पाकात दोन दिवस मुरवले तरी दाताखाली कचकचतात. जुलैत बारीक संपला होता म्हणून मी तोही प्रयोग करून बसले. शेवटी ते लाडू कुस्करून, दुधात शिजवून शिरा केला. आणि इडली रवा हा तांदळाचा असतो, त्याच्या डब्यावर नाव घालाच. आमच्याकडे एकदा त्याचा उपमा झालेला आहे.

साठवणीचा खरा हिशेब जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला. एकाच दुकानातून, एकाच पोत्यातला दीड किलो जाड रवा आणला आणि तीन वाटे केले. पहिला कच्चाच स्टीलच्या डब्यात, वर आठ-दहा लवंगा घालून. दुसरा भाजून, पूर्ण गार करून, रबरी कड्याच्या काचेच्या बरणीत. तिसरा कच्चाच घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये.

पहिल्या डब्यात चोविसाव्या दिवशी चमचा घातला तर रव्याचे दाणे माळेसारखे लोंबत वर आले. पांढऱ्या धाग्यांत गुंफलेले. त्या जाळ्याचा एक गोळा तर लवंगेलाच धरून बसला होता, त्यामुळे लवंगांवरचा माझा विश्वास उडाला. ही जाळी पतंगाच्या अळीची असते, आणि अंडी बहुतेक वेळा दुकानातूनच रव्याबरोबर घरी येतात. पावसाळ्याची ऊब आणि दमटपणा मिळाला की ती फुटतात. ‘चाळून घे, काही होत नाही’ असं सासूबाई म्हणाल्या. चाळलं तर अळ्या निघतात, पण बारीक अंडी आणि त्यांची घाण खालीच राहते, शिवाय वासही जात नाही. टाकून दिला.

भाजलेली बरणी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत स्वच्छ होती. शेवटी शेवटी वास जरा फिका झाला, बाकी तक्रार नाही. फ्रिजमधला नोव्हेंबरमध्ये संपला, तोही चांगला. फक्त डबा बाहेर काढून उघडा ठेवायचा नाही. गार रव्याला बाहेरची दमट हवा लागली की तो ओलसर होतो, म्हणून लागेल तेवढा वाटीत काढायचा आणि डबा झटपट आत.

भाजायची माझी रीत अशी : एका वेळी अर्धाच किलो, जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, हात न थांबवता. रंग बदलू द्यायचा नाही. झारा फिरवताना रवा जड न वाटता सळसळायला लागला आणि चिमूट बोटांना चटका द्यायला लागली की उतरवायचा. मग परातीत पसरून तासभर तरी गार करायचा. ऑगस्टमध्ये घाईत कोमटच भरला होता. सकाळी झाकणाच्या आतून थेंब आणि कडेला गुठळ्या. लाडवांच्या रव्याला मात्र हे आधीचं भाजणं धरू नका, तुपात तो परत भाजावाच लागतो. आणि भाजल्याने आतली अंडी मरतात, बाहेरून येणारा पतंग थांबत नाही, तो झाकणाने थांबवायचा. स्टीलच्या डब्यांची झाकणं दिसायला घट्ट, पण फट असतेच.

पुड्यावरच्या तारखेबद्दल एक सांगायचं राहिलं. ती बऱ्याचदा पुडा भरल्याची तारीख असते, दळल्याची नव्हे. मधे माल पोत्यात किती दिवस पडून होता हे ती सांगत नाही. म्हणून मी आता स्टेशनजवळच्या त्या दुकानात जाते, जिथून सकाळच्या नाश्त्याच्या गाड्यांवाले पोहे-रवा उचलतात. तिथलं पोतं आठवडाभरही टिकत नाही. दुकानदार काकांना ‘उपम्याला हवाय’ किंवा ‘चिवड्याला हवेत’ असं सांगितलं की ते स्वतःच हात घालून दाखवतात. सध्या घरात एक किलो जाडे पोहे, अर्धा किलो जाड रवा भाजून आणि पाव किलो बारीक रवा फ्रिजमध्ये आहे. पातळ पोह्यांचा डबा रिकामा. ते आता थेट हुरड्याच्या सुमारास, दडप्यांना आणेन.