विंडचीटर गळत नव्हता, भिजत होता: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

मी कोल्हापुरात फुलेवाडीत राहतो आणि गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत कामाला आहे. जून ते सप्टेंबर रोज जाऊन-येऊन दोन वेळा मोटरसायकलवर पाऊस अंगावर घ्यावा लागतो, आणि उजळाईवाडीच्या पुढे हायवेला लागलं की ट्रकच्या चाकांचं पाणी वेगळं. माझा विंडचीटर नायलॉनचा आहे, आतून पॉलियुरेथेनचं कोटिंग, शिवणींवर टेप. पहिल्या पावसाळ्यात त्यानं कधी दगा दिला नाही. दुसऱ्या वर्षी मात्र जूनच्या तिसऱ्याच आठवड्यात शर्टाचे खांदे आणि कोपरापर्यंतच्या बाह्या ओल्या व्हायला लागल्या. कोटिंग गेलं, नवीन घ्यायचा, असंच मी ठरवलं होतं.

घ्यायच्या आधी एक करून बघितलं, आणि कुणाचाही कोट गळत असेल तर त्यानं आधी हेच करावं. कोट पसरून खांद्याच्या भागाचा द्रोणासारखा खळगा केला, कोटाची बाहेरची बाजू वर ठेवून. खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवला आणि खळग्यात कपभर पाणी ओतलं. पंधरा मिनिटांनी कागद तसाच कोरडा. म्हणजे पाणी आरपार येत नव्हतं. पण वरचं कापड मात्र पाणी पिऊन गडद झालं होतं. नवा असताना याच कापडावर थेंब अळूच्या पानावरच्यासारखे गोल राहून घरंगळायचे.

इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी अडवतं ते आतलं कोटिंग. बाहेरच्या कापडावर आणखी एक अतिशय पातळ लेप असतो, त्याचं काम फक्त थेंब चिकटू न देणं. हा वरचा लेप कामातून गेला की कापड चिंब होतं, जड आणि गार पडतं. मग अंगातली वाफ बाहेर जात नाही, त्या गार कोटिंगवर आतून तिचंच पाणी होतं आणि शर्ट ओला होतो. आपल्याला वाटतं, कोट गळतोय.

आता लेप का गेला? खरं तर गेलाच नव्हता, झाकला होता. मे महिन्यात आईनं कोट बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनला लावला होता, पावडर घालून आणि शेवटी वासाचं सॉफ्टनर टाकून. पावडरीतला मळ काढणारा घटक पाण्याला धरून ठेवणारा असतो. नीट खळबळलं नाही तर तो धाग्यावर राहतो आणि थेंबाला पसरायला वाट करून देतो. सॉफ्टनर तर मुद्दाम धाग्यावर थर ठेवण्यासाठीच बनवलेलं असतं. त्यात माझ्या कॉलरवर घामाचं तेल, बाह्यांच्या टोकांना फौंड्रीतली काळी तेलकट काजळी. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, स्वच्छ निघाला की तो!" दिसायला स्वच्छ होताच. चूक तिची नाही, आतल्या लेबलवर इतक्या बारीक अक्षरात सॉफ्टनर नको म्हणून लिहिलंय की मलाही ते नंतरच दिसलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी तो हातानं धुतला. अशा कपड्यांसाठी मिळणारं साबणाचं खास लिक्विड मागवलं होतं. टबात कोमट पाणी, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकंच. झिप आणि वेलक्रो बंद करून, बाटलीवरच्या मापानं लिक्विड घालून कोट दहा मिनिटं बुडवला. कॉलर आणि बाह्यांची टोकं मऊ ब्रशनं हलकी घासली. पिळला अजिबात नाही, कारण पिळल्यानं कोटिंगला घड्या पडतात आणि टेप सुटते. पाण्यात फेस दिसेनासा होईपर्यंत खळबळायला मला चार टब पाणी लागलं. पहिल्या दोन टबांत जो फेस आला तो बहुतेक मे महिन्यातल्या पावडरीचाच असावा, कारण या लिक्विडला स्वतःचा फेस फार येत नाही.

पाण्याचंही बघा. आमच्या इमारतीत नळाला महापालिकेचं पाणी येतं, पण वापरायला बोअर आहे. साबणाचं लिक्विड बोअरच्या जड पाण्यात फाटतं आणि त्याची पांढरी साय कापडावर बसते, म्हणजे काढायला गेलो त्याच जागी दुसरा थर. म्हणून नळाचं पाणी भरून ठेवून त्यातच धुतला. खास लिक्विड महाग वाटत असेल तर कपड्यांचं साधं लिक्विड डिटर्जंट अगदी थोडं घेऊन नेहमीपेक्षा दुप्पट खळबळलं तरी चालतं. पावडर, ब्लीच आणि सॉफ्टनर मात्र नको. मशीन वापरलं तर स्पिन बंद ठेवा. पाणी या कापडातून निघून जात नाही, पिशवीत भरल्यासारखं साठून राहतं आणि ड्रम एका बाजूला आपटायला लागतो.

धुऊन, हँगरवर दोन दिवस वाळवून थेंब टाकून बघितला. थोडा सुधारला होता, पण खांद्यावर अजून पसरत होता. निम्मं काम उष्णता करते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो लेप म्हणजे धाग्यावर उभे असलेले अतिसूक्ष्म केस आहेत असं समजा. वापरून आणि धुऊन ते आडवे पडतात आणि ऊब मिळाली की पुन्हा उभे राहतात. परदेशात यासाठी ड्रायरमध्ये वीस मिनिटं फिरवतात. आपल्याकडे इस्त्री. लेबलवर इस्त्रीच्या चित्रावर फुली नाही ना ते बघून, सगळ्यात कमी उष्णतेवर, वाफ बंद ठेवून, कोट पूर्ण कोरडा असताना वर सुती पंचा टाकून इस्त्री फिरवली. एका जागी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबलो नाही. रेडियमची पट्टी, छापलेलं नाव आणि प्लॅस्टिकची झिप टाळली. त्यांच्या आजूबाजूला हेअर ड्रायर वापरला. नंतर थेंब टाकला तर पाठीवर आणि छातीवर तो नव्यासारखा घरंगळला. मला फार आनंद झाला, आईला हाक मारून दाखवलं.

खांदे मात्र तेवढे परतले नाहीत. तिथं सॅकचे पट्टे रोज घासतात, त्यामुळे लेप खरोखरच झिजला होता. धुऊन आणि ऊब देऊनही थेंब पसरत असेल तरच स्प्रेनं नवा लेप द्यायचा, आधी नाही. मळावर मारलेला स्प्रे मळालाच चिकटतो. ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा धुतला तेव्हा ओल्या कोटावरच साधारण वीतभर अंतरावरून खांद्यांना आणि बाह्यांना स्प्रे मारला, दोन मिनिटांनी ओघळ ओल्या फडक्यानं पुसले आणि वाळवला. त्यानंतर गगनबावड्याला एक अख्खा दिवस पावसात काढला. पाठ, छाती कोरडी राहिली. दोन तासांनी खांदे गडद व्हायला लागले, पण पूर्वीसारखे चिंब नाहीत. स्प्रेचा लेप कारखान्यातल्या लेपाइतका टिकत नाही; माझ्या वापरात पट्ट्यांखाली तो पाचेक आठवडे चालला.

यातलं काहीच ज्याला लागू पडणार नाही असा कोटही माझ्याकडे होता. त्याच्याआधीचा विंडचीटर मी एका ऑक्टोबरात दमट असतानाच पिशवीत घडी घालून माळ्यावर टाकला होता. जूनमध्ये काढला तर आतून चिकट, हाताला पांढरे पापुद्रे. ओलीनं पॉलियुरेथेनच कुजलं होतं, ते धुऊन परत येत नाही. शिवणीची टेप सुटली असेल तर तीही धुण्यानं बसत नाही. आणि जाड पीव्हीसीचा चकचकीत रेनसूट असेल तर हा सगळा खटाटोप नको, तो ओल्या फडक्यानं पुसा आणि त्याला इस्त्री लावू नका.

यंदा शेवटचा धुतला तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला. चांगला चार दिवस पंख्याखाली वाळवला आणि कपाटात हँगरवर मोकळा टांगलाय, वर प्लॅस्टिकचं कव्हर न घालता.