चष्मा काढायचा, पण खालची त्वचा आणायची कुठून?

फोटोतला चष्मा पूर्ण काढायचा तर फोटोशॉपमध्ये हाताने काम करायचे दोन मार्ग आहेत. एक, त्याच फोटोतली त्वचा क्लोन करून फ्रेमखालची जागा भरणे. दुसरा, त्याच माणसाच्या बिनचष्म्याच्या फोटोतून डोळ्यांचा भाग आणून बसवणे. कोणता घ्यायचा हे फ्रेमने पापणी कितपत झाकली आहे, यावर ठरवा.

बारीक तारेची फ्रेम असेल आणि पापणीची घडी दिसत असेल, तर पहिला मार्ग पुरतो. रिकाम्या लेयरवर, Sample मध्ये Current & Below ठेवून, आधी क्लोन स्टँपने फ्रेम खोडा आणि मगच हीलिंग ब्रश घ्या. क्रम उलटा झाला तर हीलिंग ब्रश शेजारच्या फ्रेमचा काळेपणा ओढतो आणि गालावर धुरकट डाग उमटतो. फ्रेमची गालावर पडलेली सावलीही विसरू नका. चष्मा जातो, ती मागे राहते.

नाकाचा दांडा हीच खरी परीक्षा. भुवयांच्या मधून शेंड्याकडे उतरणारी उजळ रेघ सलग हवी आणि प्रकाशाविरुद्धची बाजू गडद. सगळीकडे एकच त्वचा फासली की नाक चपटं दिसतं. म्हणून कपाळाची त्वचा इथे आणू नका, फ्रेमच्या लगेच खालची, नाकाचीच घ्या.

आता अवघड उदाहरण धरा: जाड काळी फ्रेम, उणे पाचचा नंबर, डावीकडून प्रकाश. वरची पापणी अर्धी झाकलेली. शिवाय उणे नंबरच्या काचेतून डोळा लहान दिसतो आणि कानशिलाची कड आत सरकते. फ्रेम गेली की तिथे पायरी उरते. क्लोन करून ही पायरी बुजवता येईल, पण पापणी कल्पनेनेच रंगवावी लागेल. दुसरा डोळा उलटा करून चिकटवला तर बुबुळातली चमक भलत्या बाजूला जाते. इथे दुसरा मार्गच घ्या.

त्यासाठी डोक्याचा कोन आणि प्रकाशाची दिशा जुळणारा फोटो लागतो. रंग नंतर कर्व्हजने जुळवता येतो, कोन नाही. आणलेला लेयर पन्नास टक्के पारदर्शक करून डोळ्यांचे आतले कोपरे एकमेकांवर बसवा, मग मास्कवर मऊ ब्रशने कडा मिसळा. जुन्या फोटोत दाणा असतो, तो नव्या भागावरही टाका, नाहीतर डोळे प्लॅस्टिकचे वाटतात.

जुळणारा फोटो नसेल, तर माझं मत: चष्मा राहू द्या, फक्त काचेवरची चमक काढा. जन्मभर चष्म्यात पाहिलेले आजोबा त्याच्याशिवाय घरच्यांनाही परके वाटतात.

अमेरिकी व्हिसासाठी मात्र यातला एकही मार्ग चालत नाही. 1 नोव्हेंबर 2016 पासून तिथे चष्म्यातला फोटो चालत नाही, आणि चेहऱ्यात फेरफार केलेलाही नाही. चष्मा काढून नवा फोटो काढा.