सागवानी टेबल, शाळेचा बाक आणि शाईचा डाग : स्पिरिट, ऑक्झॅलिक, ब्लीच की पॉलिश पेपर?

टेबलावर शाई सांडली किंवा शाळेचे जुने बाक दुरुस्तीला काढले की प्रश्न एकच येतो, हे कशानं जाईल ओ? बेळगाव असू दे, निपाणी असू दे, खानापूर असू दे, पेंटच्या दुकानात विचारलं तर तिथला माणूस स्पिरिट देतो, सुतार म्हणतो घासून टाकूया, घरातली बाई म्हणते ब्लीच आहे की आपल्याकडं, आणि कुणीतरी ऑक्झॅलिक, म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर सांगतो. चौघांचंही बरोबर असू शकतं आणि चौघांचंही चुकू शकतं. कारण डाग कसल्या शाईचा आहे आणि लाकडावर पॉलिश शिल्लक आहे का नाही, या दोन गोष्टी बघितल्याशिवाय यातलं काहीच निवडता येत नाही.

आधी पॉलिशचं बघू. टेबलाच्या खालच्या बाजूला किंवा पायाजवळ, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच मण्यासारखा उभा राहिला तर वर पॉलिश आहे, आणि लाकूड लगेच काळपट होऊन पाणी आत ओढलं तर लाकूड उघडं आहे. पॉलिश असेल तर शेजारीच स्पिरिटचा एक थेंब टाकून मिनिटभर थांबून बोट लावा. चिकट लागलं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं जुनं पॉलिश. काहीच झालं नाही तर बहुतेक मेलामाईन नाहीतर पीयू, म्हणजे स्पिरिटला दाद न देणारं कडक पॉलिश. ही टेस्ट टाळून कुणी डागावरच स्पिरिट ओतलं की डागाबरोबर पॉलिशपण निघतं आणि टेबलाच्या मधोमध पांढुरका चट्टा उरतो, मग डागापेक्षा तोच जास्त दिसतो.

आता शाई. बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्यानं हलत नाही, पण स्पिरिटमध्ये लगेच विरघळते. मार्करचं पण तसंच. फाउंटन पेनची साधी निळी शाई म्हणजे पाण्यातला रंग, ती ब्लीचनं फिकी पडते. तिसरी ब्लू-ब्लॅक, ती वेगळीच. जुन्या काळ्या शाया हिराकस आणि हिरडा किंवा माजूफळ यांच्यापासून करायचे, म्हणजे लोखंडाचा क्षार आणि तुरट रस, आणि जुन्या ब्लू-ब्लॅकच्या मुळाशी पण तेच लोखंड. लिहिताना निळी दिसते आणि हवा लागून काळी पडत जाते. या काळ्या रंगावर ब्लीच चालत नाही, तिथं ऑक्झॅलिकच लागतं, कारण ते लोखंडाला धरून पाण्यात विरघळवतं. डाग कसला ते आठवत नसेल तर डागाच्या कडेला लिंबाच्या रसाचे दोन थेंब ठेवा. काळपटपणा हळूहळू तपकिरी-पिवळट होऊन फिकट व्हायला लागला तर लोखंडाची शाई समजा. लिंबानं अख्खा डाग काढायला मात्र जाऊ नका, ते फार कमजोर पडतं.

म्हणून घरातल्या पॉलिशवाल्या टेबलाचा विचार वेगळा आणि शाळेच्या बाकाचा वेगळा.

टेबलापासून सुरू करतो. वडगावातल्या एका काकूंचं सागवानी टेबल, सासऱ्यांच्या काळातलं, वर चपड्याचं पॉलिश, आणि नातवानं बॉलपेननं चांगली जाड रेघ ओढून ठेवलेली. इथं चारमधला खरा पर्याय एकच, स्पिरिट, पण वापरायची पद्धत सांभाळावी लागते. कापूस स्पिरिटमध्ये बुडवायचा नाही, कान साफ करायच्या काडीचं टोक ओलं करून ते टिशूवर टेकून जवळजवळ कोरडं करायचं, मग रेघेवरून फिरवायचं, घासायचं नाही. काडी निळी झाली की लगेच दुसरी घ्यायची, नाहीतर तोच रंग बाजूला पसरतो. रेघ पॉलिशच्या वरच असते, लाकडात गेलेली नसते, त्यामुळं हलक्या हातानं चार-पाच काड्यांत बरीच उतरते. तेवढ्यानं ती जागा थोडी मंद पडते, ती पडणारच, कारण लाख स्पिरिटमध्येच विरघळते. पण याचाच फायदा आहे, त्या जागेवर थोडा पातळ चपडा मऊ सुती फडक्याच्या पोटलीनं दोन-तीनदा फिरवला की तो जुन्या पॉलिशमध्ये मिसळून जातो आणि जोड दिसत नाही. मेलामाईन किंवा पीयूवर हे जमत नाही, तिथं स्पिरिट निर्धास्त लावता येतं पण जागा मंद झाली तर अख्खा टॉपच परत करावा लागतो.

एक गोष्ट इथंच सांगतो, स्पिरिट नाही म्हणून सॅनिटायझर घेऊ नका. त्यात पाणी असतं आणि जेल असलं तर बाकीचं पण काय काय असतं, लाखेवर पाण्याचा पांढरा डाग उठतो. आणि जून ते सप्टेंबर हे पॉलिशचं काम करूच नका, आपल्याकडच्या पावसात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, हवेतल्या ओलाव्यानंच लाख दुधाळ होते.

ताजी शाई सांडली असेल तर तांदळाचं पीठ किंवा टाल्कम पावडर टाकून आधी शोषून घ्यायचं, मग पाण्यानं हलकं पुसायचं. पॉलिश धड असलं तर बहुतेक वेळा तेवढ्यावरच काम संपतं. पॉलिशवाल्या टेबलावर ब्लीच आणि ऑक्झॅलिक या दोन्ही गोष्टींना जागाच नाही, ती उघड्या लाकडाची औषधं आहेत. बाटलीभर शाई पॉलिशच्या भेगेतून खाली लाकडात उतरली असेल तर मग त्या टॉपचं पॉलिश काढूनच पुढं जावं लागतं, म्हणजे टेबलपण बाकाच्याच रांगेत आलं.

बाक मात्र बहुतेक उघडेच असतात, पॉलिश कधीच उडून गेलेलं. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेचे बाक माजी विद्यार्थ्यांनी उतरवले होते, सागवानी फळ्या, वर दौतीचं भोक, भोकाभोवती काळा चिखल झाल्यासारखा डाग आणि बाकी फळीवर निळे ओघळ. सुतार थेट रंधा मारायला निघाला होता. रंध्यानं डाग जातो, पण सागाच्या उघड्या नसांतून शाई खोल जाते, कधी मिलीमीटरभर, कधी जास्त, आणि तेवढी फळी उतरवली की फळी पातळ होते, भोकाची कड मोडते. घासायचंच असेल तर आधी रसायनानं करून मग शेवटी घासायचं, तेवढंच थोडं लागतं.

ऑक्झॅलिक कसं केलं ते सांगतो. आधी १२० नंबरच्या पेपरनं दाण्याच्या दिशेनं घासून मळ आणि उरलेसुरले पॉलिशचे तुकडे काढले, कारण मेणचट जागेवर पाणी चढत नाही. मग प्लास्टिकच्या मगात कपभर, म्हणजे २०० मिली गरम पाण्यात दोन छोटे चमचे ऑक्झॅलिक पावडर विरघळवली. भांडं लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं चालत नाही. प्लास्टिकच्या ब्रशनं नुसता डाग नाही तर अख्खी फळी भिजवली, हा मुद्दा महत्त्वाचा, कारण ऑक्झॅलिक मळकट करडेपणापण उडवतं, नुसत्या डागावर लावलं तर तेवढीच जागा उजळून तिथं दुसरा डाग तयार होतो. दहा मिनिटांत काळं करडं झालं, दुसऱ्या हातानंतर करड्याच्या जागी फिका निळा राहिला. तो निळा शाईतला नुसता रंग होता, लोखंड निघून गेलेलं, त्यामुळं आणखी ऑक्झॅलिक ओतून काही उपयोग नव्हता.

तो निळा ब्लीचनं जातो, पण त्याच दिवशी नाही. ऑक्झॅलिक आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, विषारी आहे, घशाला आणि फुप्फुसाला इजा करतो. म्हणून फळी तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन, पुसून, सावलीत उभी करून पूर्ण कोरडी होऊ द्यायची, मग दुसऱ्या दिवशी उघड्या हवेत ब्लीच. घरात कपड्यासाठी असतं तेच ब्लीच, हातमोजे घालून, पाच-दहा मिनिटं लावून परत धुवायचं. निळे ओघळ गेले, दौतीच्या भोकाच्या कडेला मात्र थोडी सावली राहिली. फळीच्या कापलेल्या टोकातून शाई नसांवाटे सरळ आत गेलेली असते, तिथपर्यंत कुठलंच औषध पोचत नाही. तिथं २२० नंबरनं थोडं घासून बाकी तसंच सोडलं.

ब्लीचचा तोटा पण आहे. लाकडाचे तंतू फुगून वर येतात, हाताला केसाळ लागतं, आणि साग थोडा फिका पडतो, त्यामुळं साधी निळी शाई असली तरी पहिल्यांदा छोट्या जागेवर बघा. स्पिरिटनं बाकावर फार काही होत नाही, बॉलपेनच्या रेघा तेवढ्या निघतात, आणि उघड्या लाकडात ते रंग घेऊन आणखी खोल जायची भीती असते, म्हणून वर टिशू दाबून रंग उचलत राहायचं.

स्टीलचा काथ्या ओल्या सागवानावर अजिबात नको. त्याचे बारीक लोखंडी कण लाकडात राहतात, लाकडातल्या रसाशी मिळून नवे काळे ठिपके येतात, म्हणजे हाच शाईचा प्रकार आपण हातानं करून ठेवतो. टूथपेस्ट, खायचा सोडा या गोष्टी पीयूवरच्या अगदी वरवरच्या डागाला ठीक, पण त्या खरं तर बारीक पॉलिश पेपरच असतात, चमक जाते.

पैशाचं म्हणाल तर चारही मिळून जेवढा खर्च होतो तेवढ्यात पॉलिशवाला येऊन बघून पण जाणार नाही, त्यामुळं एखादा बाक किंवा फळी असेल तर स्वतः करायला हरकत नाही. पण टेबल सागवानी दिसतंय म्हणून ते अख्खं सागवानी असेलच असं नाही, त्याची कड बघा. वरच्या दाण्याच्या रेघा कडेवरून खाली तशाच उतरत असतील तर घन फळी, आणि कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल तर आत प्लाय आणि वर सागाचा पातळ पापुद्रा, बऱ्याचदा अर्धा मिलीमीटरसुद्धा नसतो. त्यावर पॉलिश पेपर लावला की चार हातांत खालचा प्लाय दिसायला लागतो, आणि ऑक्झॅलिक-ब्लीचचं पाणी आत गेलं की पापुद्रा फुगून उठतो. अशा टेबलाला स्पिरिटच्या काडीपर्यंतच जायचं, त्यापुढं पॉलिशवाल्याला बोलवायचं.

ऑक्झॅलिकची उरलेली पावडर साखरेसारखी दिसते आणि पोटात गेली तर जीवावर बेततं, त्यामुळं डब्यावर मराठीत आणि कानडीत दोन्हीत मोठ्या अक्षरात लिहून पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. वाळलेल्या फळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती कोरडी घासू नका, परत एकदा पाण्यानं धुवा, आणि नंतर २२० मारताना नाकाला फडकं नको, मास्क बांधा.