A3144 च्या नावाखाली लॅच गळ्यात मारले : हॉल सेन्सर मागवणाऱ्यांसाठी

पाकिटावर A3144, सेन्सरच्या अंगावरही A3144. आतला माल मात्र दुसराच होता, आणि ते कळेपर्यंत एका गिरणीचं बेअरिंग माझ्या हातून गेलं.

गावातल्या पिठाच्या गिरणीवर चक्कीचा वेग दाखवणारा मीटर बसवायचा होता. मोटर १४४० आरपीएमची, तिची पुली ४ इंच आणि चक्कीची १० इंच. म्हणजे चक्की साधारण ५७० ने फिरायला हवी. ऑनलाइन २० सेन्सर मागवले. विक्रेत्याने ‘ओरिजिनल, नवा स्टॉक’ असं लिहिलं होतं. मूळ कंपनीने हा क्रमांक बनवणं कधीच बंद केलंय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. इतर कंपन्या त्याच क्रमांकाने माल काढतात आणि तो चांगलाही निघतो, पण ‘ओरिजिनल नवा’ हा शब्द वाचूनच मी सावध व्हायला हवं होतं.

चक्कीच्या पुलीवर समोरासमोर दोन निओडिमियम चुंबक चिकटवले, दोन्हींची दक्षिण बाजू बाहेर. सेन्सरची छापील बाजू त्यांच्याकडे, मधली फट ४ मिलिमीटर. आउटपुट आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये १० के चा रेझिस्टर. १० सेकंदांतले पल्स मोजायचे, फेरीला दोन पल्स, म्हणून हिशेब सोपा: `rpm = pulses * 3`. मोजणी १ सेकंदाची ठेवली असती तर आकडा ३०-३० च्या उड्या मारत राहिला असता.

गिरणी सुरू केली. पहिला एक पल्स आला, मग सगळं शून्य. वायर बदलली, सेन्सर बदलला, फट कमी केली, प्रोग्राम दोनदा तपासला. शेवटी चुंबक काढून पुन्हा इपॉक्सीने चिकटवले. त्यात एक उलटा बसला, माझ्या लक्षात आलं नाही. आणि मीटर चालू झाला! १० सेकंदांत ९५ पल्स, आकडा २८५.

निम्माच वेग. मला वाटलं बेल्ट घसरतोय. मोटर मागे सरकवून बेल्ट ताणला. आकडा जागचा हलला नाही, तेव्हा आणखी ताणला. तिसऱ्या दिवशी गिरणीवाल्या मावशींचा फोन आला, बेअरिंग हात लावू देत नाही इतकं तापलंय. गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊ, घसरला असता तर रबराचा वास आला असता की. बेल्ट पहिल्या दिवशीही थंडच होता.”

खरं होतं. निम्मा वेग जाईल इतका घसरणारा बेल्ट काही मिनिटांत करपतो.

मग मीटर बाजूला ठेवून मल्टिमीटर घेतला. १० के चा रेझिस्टर तसाच ठेवून सेन्सरला ५ व्होल्ट दिले आणि दक्षिण ध्रुव छापील बाजूजवळ नेला. आउटपुट शून्यावर आलं. चुंबक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला, तरी शून्यच! उत्तर ध्रुव दाखवला तेव्हाच ५ व्होल्ट परत आले. हा लॅच. खरा A3144 चुंबक दूर जाताच आपणहून सुटतो. लॅचला सोडायला उलटा ध्रुव लागतो. म्हणून दोन्ही दक्षिण असताना तो पहिल्या पल्सनंतर अडकून बसला, आणि एक उलटा झाल्यावर एकाने धरलं, दुसऱ्याने सोडलं. दोन चुंबकांत एकच पल्स, म्हणून निम्मा आकडा. (खऱ्या स्विचलाही उलटा चुंबक दिसला नसता. तेव्हा बरोबर निम्मा आकडा आला की आधी ध्रुव तपासा.) वीसच्या वीस तपासले, सगळे लॅच.

याच पाकिटातला एक मी ओळखीच्या दुकानाच्या शटरला लावला होता. त्याची आठवण झाली आणि छातीत धस्स झालं. शटर एकदा बंद झालं की तो सेन्सर कायम ‘बंद’च सांगणार, मग रात्री कोणी शटर उचललं तरी. त्याच संध्याकाळी जाऊन काढून आणला.

विक्रेत्याने आधी ‘दुसरा चुंबक वापरून बघा’ म्हटलं, मग सात दिवसांची परतीची मुदत संपल्याचं कळवलं. त्याची जाहिरात अजून चालू आहे.

म्हणून पाकीट आलं त्याच दिवशी प्रत्येक नग वरच्या पद्धतीने तपासा. दक्षिण ध्रुव ओळखायला साधं होकायंत्र पुरतं: काट्याचं उत्तरेकडचं टोक ज्या बाजूकडे ओढलं जातं ती दक्षिण. चुंबक जवळ नसताना आउटपुट अडीच व्होल्टच्या आसपास असेल आणि चुंबक हलवताना हळूहळू बदलत असेल, तर हाती लिनिअर सेन्सर आलाय, तोही परत करा. तपासणीचा व्हिडिओ काढून ठेवा, मी नव्हता काढला.

मावशींचं बेअरिंग मी माझ्या पैशांनी बदललं आणि बेल्ट पहिल्यासारखा सैल केला. दुसरीकडून आणलेला सेन्सर लावून, दोन्ही चुंबक दक्षिण बाहेर करून गिरणी सुरू केली, तेव्हा १० सेकंदांत १९० पल्स आले.