निपाणीतला क्लास, एक सर्व्हर आणि १४ गेस्टचा हिशेब: आठ महिन्यांनंतर

निपाणीतल्या आमच्या क्लासमध्ये मराठी-कन्नड टायपिंग, ऑफिस आणि पायथनच्या बॅच चालतात. जुने पीसी आता नुसते स्क्रीन म्हणून वापरतो. मुलं काम करतात ती उबुंटूची गेस्ट मशिन एका सर्व्हरवर प्रॉक्समॉक्समध्ये, म्हणजे एकाच मशिनवर अनेक आभासी पीसी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. सर्व्हर सेकंडहँड घेतला: ८ कोअर, ६४ जीबी रॅम आणि एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या ७२०० आरपीएमच्या दोन हार्ड डिस्क.

घेताना कागदावर हिशेब केला. होस्टसाठी, म्हणजे खुद्द सर्व्हरसाठी ६ जीबी बाजूला ठेवले, उरलेल्या ५८ मध्ये ४ जीबीचे १४ गेस्ट बसले. प्रत्येकाला २ कोअर म्हणजे एकूण २८, खऱ्या कोअरच्या साडेतीनपट. टायपिंग करताना प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो, म्हणून ते चालण्यासारखं होतं. डिस्कची मात्र फक्त जागा मोजली, वेग मोजलाच नाही.

पहिल्याच सोमवारी आठच्या बॅचला १४ मशिन एकदम चालू केली. वीस मिनिटं झाली तरी निम्म्या मुलांना लॉगिन स्क्रीन दिसेना. "सर, आमचं हँग झालंय," असं सगळीकडून सुरू झालं. होस्टवर हे चालवलं:

```
iostat -x 2
```

`w_await`, म्हणजे लिहिण्याच्या एका कामाला लागणारा वेळ, ४०० मिलिसेकंदांच्या वर; `%util`, म्हणजे डिस्क किती वेळ कामात आहे ते, १०० ला टेकलेला; `%iowait` प्रचंड. रॅम शिल्लक होती, प्रोसेसर नुसता डिस्कची वाट बघत होता.

कारण साधं आहे. ७२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि हेड सरकायला आणखी ८-९. सेकंदाला साधारण ८० विखुरलेली कामं होतात. लिहिताना दोन्ही डिस्कवर लिहावं लागतं, त्यामुळे दुसरी डिस्क असून लिहिण्याचा वेग वाढत नाही. ८० भागिले १४, एका गेस्टच्या वाट्याला सहासुद्धा नाहीत.

आधी गेस्ट टप्प्याटप्प्याने सुरू केले, प्रत्येकानंतर ४० सेकंदांचं अंतर ठेवून. १०१ क्रमांकाच्या गेस्टसाठी असं, बाकीच्यांसाठी त्यांचा क्रमांक घालून:

```
qm set 101 --onboot 1 --startup order=1,up=40
```

मग साडेसातलाच सर्व्हर चालू करू लागलो. सुरुवात सुधारली, पण सगळ्यांनी एकदम ब्राउझर उघडला की पुन्हा तेच. महिन्याभराने दोन एसएसडी बसवल्या आणि `w_await` २-३ वर आला. एसएसडीवर `%util` वर विश्वास ठेवू नका. ती अनेक कामं एकदम करते, त्यामुळे १०० दिसलं तरी दम शिल्लक असू शकतो.

आता मर्यादा बॅचप्रमाणे बदलते. टायपिंगला १४ गेस्ट आरामात चालतात. पायथनला सगळी मुलं एकदम लूप चालवतात तेव्हा गेस्टमधल्या `top` मध्ये `st` १५-२० दिसतो. म्हणजे गेस्टला काम आहे, पण होस्ट कोअर देत नाही. त्या बॅचला मी १० गेस्ट ठेवतो. होस्टवरचं केएसएम वेगवेगळ्या गेस्टमधली हुबेहूब एकसारखी मेमरीची पानं एकत्र करून थोडी रॅम वाचवतं, पण ती बचत धरून पंधरावा गेस्ट मी वाढवलेला नाही.

४० सेकंदांचं अंतर एसएसडी आल्यावरही काढलं नाही. लाईट जाऊन आली की सगळे गेस्ट आपोआप सुरू होतात, आणि ते एकाच क्षणी उठू नयेत.